विश्लेषण : डावा कोपरा खरेच गळतो का? फोनवरच्या चित्रीकरणातून कबड्डी संघाची दुखरी नस कशी शोधावी?

पिंपरीतील संत तुकाराम नगर, नेहरूनगर आणि पलीकडचा भोसरी एमआयडीसीचा पट्टा म्हणजे कबड्डीवर जीव असलेला भाग. येथील हौशी संघांतील बरेच खेळाडू कारखान्यांत काम करतात. कोणाची पहिली पाळी, कोणाची दुसरी. त्यामुळे सामना संपल्यावर सगळे एकत्र बसून चर्चा करतील, अशी वेळ क्वचितच जुळते. मग चर्चा होते ती व्हॉट्सअ‍ॅपवर आणि निकाल लागतो तो आठवणीवर. ‘आपला डावा कोपरा गळतो, पुढच्या सामन्यात त्याला बदला’, असे एखादे वाक्य दोन-तीन वेळा उच्चारले गेले की तेच सत्य ठरते आणि एका खेळाडूची जागा जाते. वास्तविक हा दावा तपासण्यासाठी लागणारी सगळी साधने खिशात असतात आणि तीही फुकट. मात्र चित्रीकरण करणे आणि त्यातून योग्य निष्कर्ष काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते कसे करायचे आणि त्यात चूक कोठे होते, याचा हा आढावा.

आठवण का पुरेशी नाही?

चाळीस मिनिटांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या साधारण ४० चढाया होतात. प्रत्येक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. यातील बहुतांश चढाया रिकाम्या जातात किंवा एखादा बोनस देऊन संपतात आणि त्या कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. लक्षात राहतात त्या शेवटच्या पाच मिनिटांतील चुका, लोण चढला तो क्षण आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा केलेली सुटलेली पकड. त्यावरून काढलेला निष्कर्ष दहा-बारा प्रसंगांवर उभा असतो आणि तेही निवडक.

कबड्डीत फरक किती थोडा असतो, हे पुण्याच्या चाहत्यांना माहीत आहे. पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले, ते २८-२५ अशा तीन गुणांच्या फरकाने. म्हणजे एक लोण आणि एक गुण. त्यामुळे एका जागी सतत गळणारे दोन-तीन गुण शोधणे हे काम किरकोळ नाही.

फोन कोठे ठेवायचा?

हे ठरते आपल्या प्रश्नावरून. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो की नाही, बोनस रेषेवर पाय टाकतो की नाही हे पाहायचे असेल तर फोन मैदानाच्या बाजूला हवा, कारण खोली बाजूने दिसते. आपली कोणती बाजू गळते हा प्रश्न असेल तर फोन अंतिम रेषेच्या मागे हवा, कारण डावे-उजवे तेथूनच स्पष्ट दिसते. आपला प्रश्न दुसरा आहे, म्हणून फोन अंतिम रेषेच्या मागे, मधोमध आणि शक्य तितका उंच ठेवावा. प्रेक्षक गॅलरी, एखादी गच्ची किंवा घट्ट बांधलेली शिडी चालेल. जमिनीवरून घेतले तर बचावपटूंच्या पाठीआड त्यांचे पाय आणि चढाईपटू दोन्ही लपतात.

फोन आडवा धरावा. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे असते. ते पूर्ण, दोन्ही लॉबींसह, चौकटीत बसले पाहिजे. एकदा चौकट ठरली की फोन हलवायचा नाही. सर्वात जास्त वेळा होणारी चूक हीच असते. फोन धरणारा मित्र चढाईपटूमागे फोन फिरवतो किंवा झूम करतो. त्यामुळे चढाईपटू छान दिसतो, पण पलीकडची साखळी कोठे उभी होती हे चौकटीबाहेर जाते. आपल्याला नेमके तेच पाहायचे असते.

फोन विमान मोडवर टाकावा, नाहीतर ऐन सामन्यात आलेल्या कॉलने चित्रीकरण थांबू शकते. दर्जा १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ३० चित्रे एवढा पुरतो. फोननुसार मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते. मध्यंतरासह ५० मिनिटे धरली तर तीन ते साडेसहा जीबी जागा आधीच मोकळी करून ठेवावी. चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नये, कारण ती दाबून लहान केली जाते आणि पायांची हालचाल धूसर होते. त्यापेक्षा गूगल ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवणे चांगले. चित्रीकरणापूर्वी दोन्ही संघांना आणि संयोजकांना विचारावे. खेळाडू अल्पवयीन असतील तर पालकांची परवानगी घ्यावीच.

मध्यंतरानंतर कोणता घोळ होतो?

मध्यंतरानंतर संघ मैदानाच्या बाजू बदलतात. फोन जागेवरच राहिला तर पूर्वार्धात आपला बचाव फोनकडे पाठ करून उभा असतो आणि उत्तरार्धात फोनकडे तोंड करून. म्हणजे पूर्वार्धात पडद्यावर डावीकडे दिसणारा खेळाडू आपला डावा कोपरा असतो, तर उत्तरार्धात पडद्यावर डावीकडे दिसतो तो आपला उजवा कोपरा. नोंद करणाऱ्याने हे विसरून पडद्यावरचे डावे-उजवे लिहिले, तर अर्ध्या सामन्याची नोंद नेमकी उलटी होते आणि दोन्ही कोपरे सारखेच दिसू लागतात. उपाय सोपा आहे. मध्यंतरात फोन दुसऱ्या टोकाला न्यावा. ते शक्य नसेल तर डावे-उजवे नेहमी बचावपटूच्या बाजूने लिहायचे, असा नियम कागदावर लिहून समोर ठेवावा.

नोंद कशी करायची?

चित्रफीत पाहण्यासाठी व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. संगणकावर त्यात `[` ही कळ दाबली की वेग कमी होतो, `]` दाबली की वाढतो आणि `E` दाबली की एकेक चित्र पुढे सरकते. हात आधी लागला की पाय आधी रेषेपार गेला, हे त्यातून कळते. मोबाइलवरच्या व्हीएलसीतही वेग कमी करता येतो. नोंदीसाठी गूगल शीट्स वापरावे, म्हणजे पहिल्या पाळीचा खेळाडू दुपारी आणि दुसऱ्या पाळीचा सकाळी त्याच तक्त्यावर काम करू शकतो.

कारखान्यात काम करणाऱ्यांना ही पद्धत नवी नाही. लाइनवर दोषांची चेकशीट भरतात, तशीच ही. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चढाईला एक ओळ. सात रकाने पुरेसे आहेत : ‘ए’मध्ये सामना, ‘बी’मध्ये चित्रफितीतील वेळ, ‘सी’मध्ये मैदानात असलेले आपले खेळाडू, ‘डी’मध्ये चढाई कोणत्या बाजूला झाली, ‘ई’मध्ये पकड कोणी सुरू केली, ‘एफ’मध्ये निकाल आणि ‘जी’मध्ये आपला कोण बाद झाला. निकालासाठी चारच शब्द ठरवावेत : पकड, सुटला, गुण, रिकामी. पकडीचा प्रयत्नच झाला नसेल तर ‘ई’ रकाना कोरा ठेवावा.

एक ओळ अशी दिसेल :

```
2 | 14:35 | 6 | उजवी | उजवा कोपरा | सुटला | उजवा कोपरा
```

म्हणजे दुसऱ्या सामन्यात, चित्रफितीच्या १४ मिनिटे ३५ सेकंदाला, आपले सहा खेळाडू मैदानात असताना चढाई उजव्या बाजूला झाली, उजव्या कोपऱ्याने पकड सुरू केली, चढाईपटू सुटला आणि उजवा कोपरा बाद झाला. वेळेचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तोच पुढे सगळ्यात उपयोगी पडतो.

नोंदीला सुरुवात करण्याआधी एक व्याख्या ठरवावी लागते. ‘पकडीचा प्रयत्न’ कशाला म्हणायचे? बचावपटूने चढाईपटूचा घोटा, मांडी किंवा कंबर धरली, त्याला धडक दिली किंवा वाट अडवली तर तो प्रयत्न. चढाईपटूने नुसता हात किंवा पाय लावून गडी बाद केला तर प्रयत्न नाही. ही व्याख्या लिहून ठेवली नाही, तर एक जण दहा प्रयत्न मोजतो आणि दुसरा पंधरा. तपासण्याचा मार्ग असा : दोघांनी एकमेकांचे न पाहता त्याच वीस चढायांची नोंद करावी. दोन-तीन ओळी वेगळ्या निघाल्या तर ठीक. सहा-सात निघाल्या तर खेळाडूंविषयी काही बोलण्याआधी व्याख्या दुरुस्त करावी.

आकडे काढायचे कसे?

उजव्या कोपऱ्याच्या पकडींपैकी किती यशस्वी झाल्या, हे एका सूत्राने निघते :

```
=COUNTIFS(E:E,"उजवा कोपरा",F:F,"पकड")/COUNTIF(E:E,"उजवा कोपरा")
```

येथे देवनागरीत टंकलेखन करणाऱ्यांना हमखास एक अडचण येते. कोणी ‘उजवा कोपरा’ लिहितो, कोणी ‘उजवाकोपरा’, तर कोणी शेवटी एक मोकळी जागा सोडतो. शीट्सच्या दृष्टीने हे तीन वेगळे खेळाडू असतात आणि तिन्हींची मोजणी वेगळी होते. सूत्र चूक दाखवत नाही, गुपचूप कमी आकडा देते. म्हणून ‘डी’ ते ‘जी’ या रकान्यांत संगणकावर `Insert` मधील `Dropdown` वापरून ठरलेले शब्दच निवडता येतील अशी सोय करावी. तपासणीसाठी सगळ्या निकालांची बेरीज एकूण ओळींइतकी येते का, हेही पाहावे.

एक उदाहरण : दोष नेमका कोणाचा?

समजा, आपल्या परिसरातील एका संघाने तीन सामने चित्रित केले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या १२० चढायांची नोंद झाली. (येथील आकडे पद्धत समजावण्यासाठी घेतलेले आहेत.) ‘जी’ रकाना मोजला तर डावा कोपरा १६ वेळा बाद झाला आणि उजवा ११ वेळा. म्हणजे तक्रार खरी ठरली? अजून नाही.

आता ‘डी’ रकाना पाहा. १२० पैकी ७० चढाया डाव्या बाजूला झाल्या, ३६ उजव्या बाजूला आणि १४ मध्यभागी. डावा कोपरा ७० चढायांत १६ वेळा बाद झाला, म्हणजे २३ टक्के. उजवा कोपरा ३६ चढायांत ११ वेळा, म्हणजे ३१ टक्के. डाव्यावर मारा जवळपास दुप्पट होता, म्हणून तो जास्त वेळा बाद होताना दिसला. शॉपफ्लोअरवरचे उदाहरण द्यायचे तर ज्या मशीनवर दुप्पट माल निघतो, तेथे खराब नगही जास्तच निघणार. प्रश्न असतो तो किती नगांमागे किती खराब, हा.

पकडींचे चित्र आणखी स्पष्ट आहे. डाव्या कोपऱ्याने २४ पकडी सुरू केल्या, त्यातील १२ यशस्वी झाल्या. उजव्याने १५ सुरू केल्या, त्यातील पाचच जमल्या. ज्याला संघाबाहेर काढायचे चालले होते, तो निम्म्या पकडी यशस्वी करत होता.

मग उजव्याला बदलायचे का?

येथे थांबायला हवे. १५ ही संख्या लहान आहे. यातील तीन पकडींचा निकाल फिरला असता तर पाचऐवजी आठ यशस्वी झाल्या असत्या आणि उजवा डाव्याच्या पुढे गेला असता. दोन-तीन ओळी बदलल्याने निष्कर्ष उलटा होत असेल, तर तो आकडा निकाल म्हणून वापरू नये. तो फक्त ‘येथे पाहा’ एवढेच सांगतो.

वेळेचा रकाना उपयोगी पडतो तो आता. पूर्ण सामने पुन्हा पाहण्याची गरज नाही. तक्त्याला गाळणी लावून उजव्या कोपऱ्याच्या १५ पकडींच्या वेळा काढायच्या आणि तेवढेच तुकडे अर्ध्या वेगाने पाहायचे. अर्ध्या तासाचे काम. समजा, सुटलेल्या दहा पकडींपैकी सातमध्ये असे दिसले की कोपऱ्याने पाय धरला, पण शेजारचा मध्यरक्षक दोन हात दूर होता आणि मदतीला पोहोचेपर्यंत चढाईपटू रेषेकडे झेपावला.

बहुतेक जण एवढ्यावर समाधान मानतात. पण यशस्वी पाच पकडीही तशाच पाहिल्या पाहिजेत. कारण त्या पाचांतही मध्यरक्षक तितकाच दूर असेल, तर अंतर हे कारण असू शकत नाही. आपल्या उदाहरणात पाचपैकी एकाच पकडीत तो दूर होता. आता हिशेब असा झाला : मध्यरक्षक दूर असताना आठ प्रयत्न, त्यातील एक यशस्वी. जवळ असताना सात प्रयत्न, त्यातील चार यशस्वी. दोष कोपऱ्याच्या पकडीत कमी आणि तुटलेल्या साखळीत जास्त असावा, असा अंदाज बांधता येतो.

मध्यरक्षक दूर का जात होता? ‘सी’ रकाना पाहिल्यावर कळते की त्या आठ प्रसंगांपैकी सहामध्ये मैदानात आपले सहा किंवा सात खेळाडू होते. बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असतानाच बोनस गुण मिळतो. म्हणजे मध्यरक्षक बोनस अडवण्यासाठी आत सरकत होता आणि कोपरा एकटा पडत होता. हा एका खेळाडूचा दोष नाही. बोनस कोणी अडवायचा, हे संघात ठरलेलेच नव्हते. खेळाडू बदलला असता तर नव्या खेळाडूच्या बाबतीतही तेच झाले असते.

ही चूक जगात कोणी केली होती?

एकूण किती पैकी, हे न विचारल्याने मोठमोठे लोक फसले आहेत. इंग्लंडचे चार्ल्स रीप हे हवाई दलातील हिशेब अधिकारी. मार्च १९५०मध्ये स्विंडन टाउनच्या एका सामन्यात त्यांनी कागद-पेन्सिलीने फुटबॉलची प्रत्येक चाल नोंदवायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षे ते हे काम करत राहिले. १९६८मध्ये त्यांचा आणि संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात, असे रीप यांच्या नोंदींतून दिसत होते. त्यावरून, पास कमी करा आणि चेंडू थेट पुढे मारा, असा सल्ला निघाला आणि इंग्लिश फुटबॉलवर त्याचा बराच प्रभाव पडला.

पुढच्या अभ्यासकांनी दाखवले की, सामन्यातील बहुतेक चालीच मुळात तीन किंवा त्याहून कमी पासच्या असतात. त्यामुळे बहुतेक गोलही त्यांतूनच येणार. प्रत्येक चालीमागे किती गोल, असा हिशेब केला की लहान चालींचा हा मोठेपणा उरत नाही. रीप यांच्या नोंदी चोख होत्या. फसला तो भागाकार. आपल्या डाव्या कोपऱ्याच्या बाबतीत नेमके हेच घडत होते.

या पद्धतीच्या मर्यादा काय?

पहिली मर्यादा प्रतिस्पर्ध्याची. तीन सामन्यांपैकी एका सामन्यात समोर एखादा पट्टीचा चढाईपटू असेल आणि सुटलेल्या पकडींपैकी निम्म्या त्यानेच सोडवल्या असतील, तर हा आपल्या साखळीपेक्षा त्याच्या कौशल्याचा पुरावा ठरतो. म्हणून ‘ए’ रकान्याप्रमाणे आकडे सामनानिहाय पाहावेत. दोष तिन्ही सामन्यांत थोडाथोडा दिसला तर तो आपला. एकाच सामन्यात साचला असेल तर बहुधा समोरच्याचा.

दुसरी मर्यादा, तक्त्यात न आलेल्या गोष्टींची. डाव्या कोपऱ्याच्या धाकाने चढाईपटू आत शिरलाच नाही आणि चढाई रिकामी गेली, तर त्याचे श्रेय कोणत्याही रकान्यात येत नाही. दुखावलेला गुडघा, रात्रपाळी करून थेट मैदानावर आलेला खेळाडू, ओलसर माती, हेही चित्रफितीत दिसत नाही. त्यासाठी खेळाडूला विचारावे लागते.

तिसरी मर्यादा आपल्याच मनाची. तक्त्यात वीस गोष्टी मोजल्या की एखादी तरी योगायोगाने विचित्र दिसतेच. म्हणून प्रश्न आधी ठरवावा आणि नोंद नंतर करावी. उलटे केले की हवा तो दोष सापडतो.

पुढे काय करायचे?

सापडलेल्या गोष्टीची परीक्षा पुढच्या सामन्यांत घ्यावी लागते. आपल्या उदाहरणातील संघाने एकच बदल करावा : सहा किंवा सात खेळाडू मैदानात असताना बोनस डाव्या बाजूच्या मध्यरक्षकाने अडवायचा आणि उजव्याने कोपऱ्याची साथ सोडायची नाही. सरावात त्याच स्थितीतील चढाया वारंवार घ्याव्यात. त्यानंतरच्या तीन सामन्यांची नोंद त्याच व्याख्येने करावी आणि अपेक्षा आधीच लिहून ठेवावी. उजवा कोपरा एकटा पडण्याचे प्रसंग आठवरून दोन-तीनवर यावेत, ही अपेक्षा पकडींच्या टक्केवारीपेक्षा जास्त विश्वासार्ह आहे. पकड यशस्वी होण्यात नशिबाचा वाटा असतो, पण मध्यरक्षक कोठे उभा राहिला हे पूर्णपणे आपल्या हातात असते.

डाव्या बाजूवरही लक्ष ठेवावे. तेथील मध्यरक्षक बोनससाठी आत सरकू लागल्यावर डावा कोपरा एकटा पडू लागला, तर दुखणे बरे झालेले नसते, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलेले असते. एका सामन्याच्या ४० चढायांची नोंद करायला सरावलेल्या माणसाला साधारण तासभर लागतो. संघ मोठा असेल तर पूर्वार्ध एकाने आणि उत्तरार्ध दुसऱ्याने वाटून घ्यावा. फक्त आपल्या जागेची नोंद आपणच करायची नाही, एवढे पथ्य पाळावे. स्वतःची सुटलेली पकड प्रत्येकाला ‘जवळजवळ झालीच होती’ अशीच दिसते.